एपिसोड ट्रान्सक्रिप्ट: ईथरच्या बाटलीपासून कापसाच्या बोळ्यापर्यंत

आजचा एपिसोड शक्यतो हेडफोन लावून ऐका, कारण आज संभोगाच्या वेळी बाईला होणाऱ्या दुखण्याबद्दल बोलायचंय, आणि घरात आई-बाबा आजूबाजूला असतील तर तुम्ही उगाच आवाज कमी करत बसाल.

विषय सुचला एका श्रोत्या मैत्रिणीच्या व्हॉइस नोटवरून. नाव, गाव सांगत नाही. वय सत्तावीस, लग्नाला चौदा महिने झालेले. ती म्हणाली, "नवरा चांगला आहे, प्रेम आहे, इच्छाही आहे. पण तो जवळ आला की खाली जणू भिंत उभी राहते. मी काही करत नाही, आपोआप होतं." दोन डॉक्टरांकडे जाऊन आली होती. पहिल्या म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नकोस, थोडी वाईन घेऊन बघ." दुसऱ्यांनी बधिर करणारी जेली लिहून दिली, आणि वर "एकदा मूल झालं की सगळं मोकळं होईल" असंही सांगितलं.

मी डॉक्टर नाही, इतिहास वाचणारी बाई आहे. पण हे तिन्ही सल्ले ऐकून मी उडालेच. कारण हे सल्ले दीडशे वर्षांपूर्वीच करून बघितलेत, आणि काय झालं तेही लिहून ठेवलेलं आहे.

तर चला न्यूयॉर्कला, साल 1857. जे. मॅरियन सिम्स नावाचा सर्जन. अमेरिकेत याला फार वर्षं 'आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक' म्हणायचे. त्याआधी अलाबामात त्याने गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून आपलं तंत्र बसवलं होतं. त्यातल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा 2018 मध्ये हलवला तो याचमुळे. हा माणूस कोण होता ते लक्षात ठेवूनच पुढचं ऐका.

त्याच्याकडे एक पंचेचाळीस वर्षांची बाई आली. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली आणि एकदाही संबंध आलेला नाही. सिम्स तपासायला गेला तर नुसत्या बोटाच्या स्पर्शाने ती कळवळली, अंग ताठ झालं. मग त्याने ईथरची भूल देऊन तपासलं आणि चकितच झाला. भूल चढल्यावर सगळं सैल, सगळं नॉर्मल. ना कुठे अडथळा, ना कुठे गाठ. म्हणजे भिंत होती, पण ती मांसाची नव्हती. बाई जागी असली की ती उभी राहायची.

अशा आणखी काही रुग्ण स्त्रिया पाहिल्यावर 1861 मध्ये सिम्सने लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि या अवस्थेला 'व्हजायनिस्मस' हे नाव दिलं. योनीमुखाभोवतीच्या स्नायूंची, बाईच्या इच्छेवर न चालणारी, आकडी. निरीक्षण पक्कं होतं. पिसाचा हलका स्पर्शही काहींना असह्य होतो, हेसुद्धा त्याने लिहून ठेवलंय. हे पीस विसरू नका, आपल्याला नंतर लागणार आहे.

उपाय मात्र सर्जनचाच. योनीपटल कापून काढायचं, योनीमुखाशी चिरा देऊन आवळणारे स्नायू तोडायचे, आणि जखम भरताना ते परत आवळू नयेत म्हणून काचेचा डायलेटर घालून ठेवायचा. स्नायू घट्ट होतोय ना, मग कापा. इतकं सरळ!

पण सिम्सच्याच 1866 च्या पुस्तकात एक हकिकत आहे, ती मला सगळ्यात जास्त छळते. एका जोडप्याच्या घरी डॉक्टर आठवड्यातून दोन-तीनदा जायचा, बायकोला ईथर देऊन बेशुद्ध करायचा, आणि मग नवरा संबंध ठेवायचा. तिला दिवस गेले. सगळ्यांना वाटलं, बाळंतपणानंतर सुटका होईल. बाळ त्याच वाटेने बाहेर आलं आणि तरीही त्रास होता तसाच राहिला. परत ईथर.

आता आपल्या मैत्रिणीचे सल्ले आठवा. वाईन, बधिर करणारी जेली, "मूल झालं की मोकळं होईल". प्रत्येकाचा पणजोबा या एका हकिकतीत बसलाय. आणि वाट अरुंद असते हे कारणच नाही, याचा पुरावाही तिथेच आहे. जिथून बाळाचं डोकं गेलं, तिथे जागेचा प्रश्न असूच शकत नाही ना?

मग स्नायू आवळतात कशाने? विसाव्या शतकात गाडी दुसऱ्या टोकाला गेली. कापायचं मागे पडलं आणि 'सगळं मनात आहे' सुरू झालं. 1970 मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने लहानापासून मोठ्यापर्यंतचे डायलेटर, नवऱ्याला सोबत घेऊन वापरायला लावले. ही पद्धत चांगलीच होती, आजही तिचा गाभा टिकून आहे. पण पुढच्या काही दशकांत बाईला आधी मानसिक खात्यात टाकायचं आणि दुखतंय कुठे ते बघायचंच नाही, असंही खूप झालं.

ही गाठ सोडवायला मदत केली ती 2001 च्या एका डच प्रयोगाने. व्हजायनिस्मस असलेल्या आणि नसलेल्या बायकांना सिनेमाचे तुकडे दाखवले. काही साधे, काही प्रणयाचे, काही धमकीचे, भीतीचे. त्याच वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू किती ताणले जातात ते यंत्राने मोजलं. भीतीचं दृश्य आलं की ते स्नायू आवळले. दोन्ही गटांत! आणि त्यांच्याबरोबर खांद्या-मानेचे स्नायूही आवळले. म्हणजे ही आकडी संभोगापुरतीच नाही. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते, मागून हॉर्न वाजला की खांदे वर जातात, तसंच हे. शरीराने स्वतःला सावरणं.

मग मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 2004 मध्ये थेट सिम्सच्या व्याख्येलाच हात घातला. व्हजायनिस्मस असलेल्या सगळ्या बायकांमध्ये तपासताना आकडी दिसेना, आणि आहे की नाही यावर तपासणाऱ्यांचंही एकमत होईना. ज्यांना फक्त दुखतं त्यांच्यापेक्षा या बायका वेगळ्या दिसल्या त्या मुख्यतः भीतीत आणि टाळण्यात. त्यांचे स्नायू एरवीही जास्त ताणलेले होते. अखेर 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 या ग्रंथाने 'दुखणं' आणि 'आवळणं' हे दोन वेगळे आजार न मानता एकाच नावाखाली आणले.

कारण दोन्ही एकाच चक्रात फिरतात. काहीतरी दुखतं. पुढच्या वेळी शरीर आधीच धास्तावतं, स्नायू आवळतात, ओलावा येत नाही. आवळलेल्या जागी जोर केला की अजून दुखतं. मूळ दुखणं बरं झालं तरी चक्र चालूच राहतं. सुरुवात कुठूनही होऊ शकते. पुन्हा पुन्हा होणारं बुरशीचं इन्फेक्शन, त्वचेचा आजार, बाळंतपणातले टाके, अंगावर पाजताना किंवा पाळी गेल्यावर येणारा कोरडेपणा. किंवा पहिल्या रात्रीच्या रक्ताच्या गोष्टी, गरोदर राहण्याची धास्ती, नवऱ्याची घाई, पूर्वी झालेला अत्याचार. अत्याचार झालाच असेल असं मात्र धरून चालू नका. पुष्कळ जणींच्या बाबतीत तसं काहीच नसतं, आणि कुणी तसं गृहीत धरलं तर त्या अजून गप्प होतात.

आता मैत्रिणीकडे परत. तिसऱ्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत आतून तपासलंच नाही, नुसतं विचारलं. दुखणं तोंडाशी की खोल आत? जळजळ की ओढ? टॅम्पॉन किंवा कप कधी घालता आला का? पहिल्यापासून आहे की मधूनच सुरू झालं? पोरीला आठवलं, कॉलेजात कप घालायचा प्रयत्न केला होता तेव्हाही भिंतच होती. म्हणजे नवऱ्याच्या आधीपासून.

दुसऱ्या भेटीत, "तू थांब म्हणालीस की मी थांबणार" असं सांगून त्यांनी कापसाच्या बोळ्याची काडी योनीमुखाभोवती घड्याळाच्या आकड्यांसारखी एकेका जागी हलकेच टेकवली. चार ते आठच्या दरम्यान तिला सुरीसारखं लागलं, बाकी ठिकाणी फक्त स्पर्श. सिम्सचं पीस आठवलं? तीच खूण. फरक एवढाच की आता ती कापण्यासाठी नाही, दुखण्याचा नकाशा काढण्यासाठी वापरतात. तिला बुरशीचं इन्फेक्शनही होतं, शिवाय ती सुवासिक इंटिमेट वॉश रोज वापरत होती. वॉश बंद, इन्फेक्शनवर औषध, आणि संभोगाचा प्रयत्न काही महिने पूर्ण बंद. हे शेवटचं ऐकून दोघांनाही हायसं वाटलं म्हणे.

मग पेल्विक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्ट. इथे एक गोची सांगते. नेटवर सगळीकडे कीगल व्यायाम करा म्हणून दिसेल. कीगलमध्ये स्नायू आवळायचे असतात. हिचे आधीच आवळलेले! तिला उलटं शिकवलं: श्वास पोटात घेताना तळ सैल सोडायचा. मग स्वतःचं बोट, भरपूर जेल लावून. मग करंगळीएवढा डायलेटर, दिवसातून दहा मिनिटं, आणि त्याची भीती गेल्याशिवाय पुढचा नंबर नाही. दुखलं तर एक पायरी मागे.

हे काम करतं का? नेदरलँड्समधल्या 2013 च्या एका चाचणीत पहिल्यापासून व्हजायनिस्मस असलेल्या 70 जणी होत्या. निम्म्यांना दवाखान्यात, थेरपिस्ट आणि जोडीदारासमोर, स्वतःच्या हाताने हे करायला लावलं. एका आठवड्यात जास्तीत जास्त तीन सेशन्स, दोन-दोन तासांची. नंतर 35 पैकी 31 जणींना संबंध जमले. नुसत्या थांबलेल्या गटात 35 पैकी 4. अर्थात तिथे शिकलेली थेरपिस्ट शेजारी बसलेली होती. ऑनलाइन डायलेटरचा सेट मागवून एकटीने दात-ओठ खाऊन ढकलणं म्हणजे ते नव्हे.

डॉक्टरकडे कधी जायचं? दुखणं दर वेळी होत असेल, किंवा त्याच्या भीतीने तुम्ही जवळीकच टाळायला लागला असाल, तर एवढं पुरेसं आहे, वर्षभर वाट बघायची गरज नाही. आधी न दुखणारं अचानक दुखायला लागलं, संबंधांनंतर रक्त आलं, खाज, फोड किंवा वास येणारा स्राव असेल, तर याच आठवड्यात जा. ताप आणि ओटीपोटात जोराची कळ असेल तर त्याच दिवशी. दुखणं खोल आत असेल आणि पाळीतही जीव जात असेल, तर एंडोमेट्रिओसिस आहे का ते बघायला सांगा. तो वेगळा रस्ता आहे, तिथे डायलेटर उपयोगाचे नाहीत. आणि नवरा "नको" म्हटल्यावरही थांबत नसेल, तर उपचार तुमच्या स्नायूंवर करायचा नाहीये. तेही डॉक्टरांना एकटीने भेटून सांगा.

तपासताना सोबत बाई नर्स मागता येते. "आज आतून तपासू नका" असंही म्हणता येतं.

मैत्रिणीची शेवटची व्हॉइस नोट गेल्या महिन्यात आली, उपचार सुरू होऊन सात महिने झाल्यावर. मला वाटलं, संबंध जमले हे सांगेल. तेही सांगितलं, पण शेवटी, ओघात. आधी म्हणाली, "ताई, पाळीत पहिल्यांदा कप घातला. आरशात न बघता. आणि ऑफिसला गेले."