खोलीला रंग किती लिटर लागेल? मोबाईलवरच काढा अचूक हिशोब

दुकानदार साधारणपणे खोलीच्या आकारावरून अंदाज सांगतो. तो चुकला तर दोनच गोष्टी होतात: अर्धा डबा वर्षभर माळ्यावर पडून राहतो, नाहीतर शेवटच्या भिंतीला रंग संपतो. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची, कारण नंतर मिसळून आणलेल्या डब्याची शेड थोडी वेगळी निघू शकते. म्हणून हिशोब आधीच करूया.

१. भिंतींचं क्षेत्रफळ

टेपने खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. चारही भिंती एका ओळीत पसरल्या आहेत असं समजा, म्हणजे सूत्र सोपं होतं: (लांबी + रुंदी) × २ × उंची.

समजा खोली १२ फूट ६ इंच लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. इथेच पहिला बग येतो. १२ फूट ६ इंच म्हणजे १२.६ नाही, १२.५! एका फुटात १२ इंच असतात, त्यामुळे इंचांना आधी १२ ने भागायचं. १२ फूट १० इंच असेल तर कॅल्क्युलेटरमध्ये १२.८३ टाका. १२.१० टाकलंत तर जवळपास पाऊण फूट गायब होईल.

आपल्या खोलीचं उत्तर: (१२.५ + १०) × २ × १० = ४५० चौरस फूट.

२. दारं-खिडक्या वजा करा

एक दार ३ × ७ = २१ चौरस फूट. दोन खिडक्या, प्रत्येकी ५ × ४ = २०, म्हणजे ४०. एकूण ६१. उरले ३८९ चौरस फूट. भिंतीत पक्कं बसवलेलं कपाट असेल तर तेही वजा करा. स्विचबोर्डसारख्या छोट्या गोष्टी सोडून द्या. छताला बहुतेक वेळा वेगळा रंग लागतो, त्याचा हिशोब वेगळा.

३. डब्यावरचा आकडा नीट वाचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एक लिटरमध्ये किती चौरस फूट होतात, म्हणजे कव्हरेज, हे डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. पण तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे बघावं लागतं.

समजा आपल्या डब्यावर 'दोन कोटसाठी १२० चौरस फूट' लिहिलंय. मग ३८९ ÷ १२० = ३.२४ लिटर. याला पुन्हा २ ने गुणलंत तर साडेसहा लिटर येतील, म्हणजे दुप्पट खरेदी! उलट आकडा एका कोटचा असेल आणि गुणायला विसरलात, तर निम्माच रंग घरी येईल.

गोंधळ टाळायला आकडा नेहमी एका कोटचा करून घ्या: १२० × २ = २४०. मग गूगल शीट्समध्ये हे भरा: B1 लांबी, B2 रुंदी, B3 उंची, B4 दारं-खिडक्या, B5 एका कोटचं कव्हरेज, B6 कोट.

```
=(2*(B1+B2)*B3-B4)/B5*B6*1.1
```

शेवटचं 1.1 म्हणजे रोलर, ट्रे आणि खिडकीच्या कडांसाठी १० टक्के जादा. उत्तर येतं ३.५७ लिटर, म्हणजे ४ लिटरचा एक डबा पुरेल. दारं-खिडक्या वजा केल्या नसत्या तर ४.१३ आलं असतं आणि एक लिटरचा डबा उगाच वाढला असता.

गडद भिंतीवर फिकट रंग द्यायचा असेल तर तिसरा हात लागू शकतो. B6 मध्ये 3 टाका: ५.३५ लिटर.

४. पहिल्या हातानंतर तपासा

डब्यावरचं कव्हरेज गुळगुळीत, प्रायमर मारलेल्या भिंतीचं असतं. नुसत्या पुट्टीची किंवा खडबडीत भिंत रंग जास्त पिते. शिवाय हिशोब डब्यातल्या घट्ट रंगाचा आहे. पाणी घालून वाढलेला रंग त्यात धरू नका.

आपल्या खोलीत एका हाताला ३८९ ÷ २४० = सुमारे १.६ लिटर लागायला हवा. पहिल्या हाताला २.५ लिटर गेला, तर डब्यात उरला १.५. दुसऱ्या हाताला तो कमी पडणार, हे इथेच कळतं. अशा वेळी दुसरा हात सुरू करण्याआधीच त्याच शेड कोडचा एक लिटर आणा आणि जुना-नवा रंग एका बादलीत एकत्र ढवळा. मग चारही भिंतींवर शेवटचा हात एकाच मिश्रणाचा बसेल आणि शेडमधला फरक भिंतीवर दिसणार नाही.