चल वेतनाचे पत्र

चल वेतनाचे पत्र : वर्षअखेरच्या मूल्यमापनानंतर कर्मचाऱ्याला व्हेरिएबल पे किती मिळणार आणि तो कसा काढला, हे सांगणारे कंपनीचे पत्र. 1965 च्या बोनस कायद्यातला 8.33 ते 20 टक्क्यांचा बोनस वेगळा. 2019 च्या वेतन संहितेनेही त्या मर्यादा तशाच ठेवल्या आहेत. चल वेतनाचा आधार मात्र नेमणूकपत्र आणि कंपनीची योजना हाच असतो. त्यामुळे हिशेबाची रीत पत्रात लिहिलेली नसेल, तर कर्मचाऱ्याला ती पडताळायला दुसरे काही हाताशी नसते.

वाद बहुधा एका गैरसमजातून होतो. ‘टार्गेट 90 टक्के झाले, म्हणजे 90 टक्के पैसे मिळणार’ असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात लक्ष्यपूर्तीची टक्केवारी आणि देय टक्केवारी यांच्यामध्ये कंपनीने ठरवलेला तक्ता असतो. समजा, कंपनीचे लक्ष्य 100 टक्के गाठले तर पूर्ण रक्कम, 80 टक्क्यांना निम्मी आणि त्याखाली शून्य असा नियम आहे. मग 100 च्या खाली घसरणारा प्रत्येक टक्का देय रकमेतले अडीच टक्के घेऊन जातो आणि 90 टक्के पूर्तीला 75 टक्केच हाती येतात.

आता पूर्ण उदाहरण घेऊ. वर्षाचे चल वेतन 1,20,000 रुपये. त्यातले 40 टक्के कंपनीच्या निकालावर, 60 टक्के स्वतःच्या कामावर. कंपनीच्या वाट्याचे 48,000. त्याचे 75 टक्के म्हणजे 36,000. स्वतःच्या वाट्याचे 72,000. काम लक्ष्यापेक्षा सरस झाल्याने तिथे देय 120 टक्के, म्हणजे 86,400. एकूण 1,22,400 रुपये.

हा झाला बेरजेचा हिशेब. काही योजनांत असे वाटे नसतात, दोन्ही टक्केवाऱ्यांचा गुणाकार करतात : 1,20,000 × 0.75 × 1.20, म्हणजे 1,08,000. माणूस तोच, काम तेच, फरक 14,400 रुपयांचा. कंपनी 79 टक्क्यांवर अडकली, तर खरी गंमत दिसते. बेरजेत 86,400 तरी मिळतात. गुणाकारात हाती काहीच येत नाही, स्वतःचे काम कितीही चांगले असो. म्हणून ‘कंपनी व वैयक्तिक कामगिरीनुसार’ एवढेच लिहिलेले पत्र निरुपयोगी समजावे. चांगल्या पत्रात सूत्र शब्दांत मांडलेले असते, आकडे त्या कर्मचाऱ्याचे असतात आणि कंपनीची पूर्ती एका टक्क्याने कमी झाली असती तर काय झाले असते, तेही दिलेले असते : वरच्या बेरजेच्या उदाहरणात 1,200 रुपये कमी.

वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्यांना रक्कम सेवेच्या दिवसांच्या प्रमाणात मिळते का आणि पैसे जमा होण्याच्या तारखेला नोकरीत असणे सक्तीचे आहे का, या दोन अटी बहुतेक वेळा तळटीपेत दडवलेल्या असतात. त्या रकमेच्या शेजारीच हव्यात. पत्रातला आकडा करपूर्व असतो. चल वेतन पगारी उत्पन्नातच धरले जात असल्याने टीडीएस कापून उरलेली रक्कम खात्यात जमा होते.