१९६९ सालची कावीळ आणि उलटं वाहिलेलं पाणी

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचं शहर आहे. तिथल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघाने १९६९च्या हंगामात फक्त दोन सामने खेळले आणि दोन्ही हरले, एक हार्वर्डशी आणि दुसरा डार्टमथशी. उरलेले सगळे सामने रद्द करावे लागले, कारण बहुतेक संघाला कावीळ झाली होती. खेळाच्या इतिहासात ही गोष्ट एका ओळीत संपते. पाण्याच्या नळांचा अभ्यास करणारे मात्र ती आजही शिकवतात, कारण पिण्याचं पाणी घाण कसं होतं याबद्दलची आपली नेहमीची समजूत या प्रकरणात लागू पडत नाही. शहराचं पाणी स्वच्छ होतं आणि पाइपही फुटलेला नव्हता. घाण पाणी पाइपात शिरलं ते तोटीच्या बाजूने, म्हणजे जिथून पाणी फक्त बाहेर यायला हवं तिथून.

सप्टेंबरच्या अखेरीस खेळाडू आजारी पडू लागले. थकवा, मळमळ, ताप, आणि मग काहींचे डोळे पिवळे. संघाशी संबंधित ९७ जणांची तपासणी झाली तेव्हा ९० जणांना संसर्ग झाल्याचं दिसलं. त्यातल्या ३२ जणांना उघड कावीळ होती. २२ जणांना त्रास होत होता, पण डोळे पिवळे नव्हते. उरलेल्या ३६ जणांना काहीच जाणवत नव्हतं. रक्तातल्या यकृताच्या तपासणीवरूनच त्यांचा आजार कळला. 'अ' प्रकारच्या काविळीचा विषाणू तोवर कुणी पाहिलेला नव्हता, तो १९७३मध्ये सापडला. म्हणजे तपास करणाऱ्यांकडे जंतू ओळखायचं साधन नव्हतं. होतं ते कॅलेंडर.

या काविळीत संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. कमीत कमी पंधरा दिवस, जास्तीत जास्त पन्नास. इतके सगळे लोक थोड्याच दिवसांच्या अंतराने आजारी पडले, याचा अर्थ त्यांनी विष एकाच वेळी घेतलं होतं. एकाकडून दुसऱ्याला असा आजार पसरला असता तर तो लाटांनी आला असता. तारखा मागे मोजत गेल्यावर बोट ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांवर थांबलं. त्या वेळी बाकीचे विद्यार्थी अजून कॉलेजात आले नव्हते. संघ मात्र सरावासाठी लवकर जमला होता. सप्टेंबर उजाडल्यावर आलेले नवे खेळाडू त्याच मैदानावर खेळले, त्याच नळाचं पाणी प्यायले, आणि निरोगी राहिले. म्हणजे दोष कायमचा नव्हता. काही तासांपुरतंच काहीतरी घडून गेलं होतं.

मग मैदानाच्या पाइपलाइनचा माग काढला गेला. खेळाडू ज्या नळावर पाणी प्यायचे त्याच लाइनवर गवताला पाणी घालण्याचे फवारेही होते. या फवाऱ्यांची जोडणी जमिनीत खोदलेल्या छोट्या खड्ड्यांमध्ये होती आणि त्या खड्ड्यांत पाणी साचायचं. मैदानाजवळ राहणारी लहान मुलं त्या पाण्यात खेळायची, आणि त्यातल्या काही मुलांना त्याच सुमारास कावीळ झालेली होती. तरीही एक प्रश्न उरत होता. खड्ड्यातलं घाण पाणी दाबाखाली असलेल्या पाइपात शिरणार कसं? पाइपातला दाब तर पाण्याला बाहेर ढकलत असतो.

उत्तर अग्निशमन दलाच्या नोंदींत मिळालं. २९ ऑगस्टला शहरात आग लागली होती. बंबांनी रस्त्यावरच्या मुख्य लाइनमधून प्रचंड पाणी खेचलं, आणि त्या भागातला दाब इतका उतरला की मैदानाच्या लाइनमध्ये पाणी उलट्या दिशेने ओढलं गेलं. खड्ड्यातलं पाणी आत शिरलं. आग विझली, दाब परत आला, आणि आत शिरलेलं पाणी सरळ प्यायच्या नळातून बाहेर पडलं. तपास सुरू झाला तेव्हा महिना उलटून गेला होता. तोवर त्या पाइपातून इतकं स्वच्छ पाणी वाहून गेलं होतं की नमुना घेऊन काहीच हाती लागलं नसतं.

असं पाणी उलटं ओढलं जातं म्हणजे नेमकं काय होतं, ते आपल्या ओळखीच्या इमारतीवर मोजून पाहू. समजा, रस्त्यावरच्या लाइनमधून थेट जोडलेला नळ दुसऱ्या मजल्यावर आहे, रस्त्यापासून सात मीटर उंच. तोटीला रबरी नळी लावली आहे, तिचं टोक बादलीच्या तळाशी आहे, आणि बादलीत मळक्या कपड्यांचं पाणी आहे. तोटी उघडीच आहे. आता खाली लाइनमधला दाब गेला. उभ्या पाइपातला सात मीटरचा पाण्याचा खांब स्वतःच्या वजनाने खाली सरकू लागतो आणि वरून ओढ निर्माण करतो. हवेचा दाब सुमारे दहा मीटर पाणी उचलू शकतो, म्हणजे बादलीतून तोटीपर्यंतचा एक मीटर चढ त्याला काहीच नाही. बादलीवर हवा दाबते, नळीत पाणी चढतं, तोटीतून आत जातं आणि खालच्या लाइनकडे धावतं. एकदा हे सुरू झालं की बादली रिकामी होईपर्यंत थांबत नाही. मजला जितका उंच तितकी ओढ जास्त. वरच्या मजल्यावरची घाण खालच्या मजल्यावरच्या हंड्यात येते ती अशी.

अमेरिकेत यासाठी आग लागावी लागली. आपल्याकडे पाणी ठरावीक तासांपुरतं येतं, त्यामुळे बहुतेक शहरांत आणि गावांत लाइन रोज रिकामी होते. पाणी गेल्यावर नळ उघडा, तोटीतून 'सूं' असा आवाज येतो आणि बोट लावलं तर ते ओढलं जातं. हीच ती उलटी ओढ. त्यात कुणी सरळ लाइनला मोटर लावून पाणी खेचत असेल तर शेजाऱ्यांच्या पाइपातला दाब आणखी खाली जातो. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते सोडून देण्याची आपल्या घरच्या बायकांची जुनी सवय आहे. तिचं कारण कुणी त्यांना शिकवलेलं नसेल, पण सवय बरोबर आहे. पाण्यातलं क्लोरीन इथे फारसं कामाला येत नाही. ते थोड्या घाणीसाठी मोजून घातलेलं असतं. बादलीभर सांडपाणी एकदम आत आलं की तिथेच संपून जातं.

यावर सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मोकळी जागा. तोटीचं तोंड आणि खालचं भांडं यांच्यात हवा ठेवायची. पाइपात कितीही ओढ निर्माण झाली तरी तोटी मग फक्त हवाच ओढेल. ही जागा किती असावी याचा ठोकताळा असा, की तोटीच्या तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कोणत्याही परिस्थितीत एका इंचापेक्षा कमी नाही. अर्ध्या इंची तोटीला एक इंच, एक इंची पाइपाला दोन इंच. माप घ्यायचं ते भांड्याच्या काठापासून. आतल्या पाण्याच्या पातळीपासून नाही. हौद आज अर्धा भरलेला दिसतो, उद्या ओसंडून वाहील, आणि काठापर्यंत आलेलं पाणी तोटीला लागता कामा नये.

हौदावरून आठवलं. आपला 'हौद' हा अरबी 'हौज़'च आहे, आणि जुन्या मशिदींत वुजूसाठी तो असतोच. तिथे किंवा गच्चीवरच्या टाकीत पाणी पडण्याचा आवाज होतो, शिंतोडे उडतात, म्हणून कुणीतरी भरणाऱ्या पाइपाला तुकडा जोडून तो पार तळापर्यंत नेतो. आवाज थांबतो, पण मधली हवा गेली. आता लाइनमध्ये ओढ आली की हात, पाय आणि तोंड धुतलेलं पाणी परत गल्लीच्या नळात जाऊ शकतं. संडासातल्या जेटच्या नळीचंही तेच आहे: ती हुकवर अडकवलेली असेल तर ठीक, बादलीत किंवा खाली भांड्यात लोंबत असेल आणि तिचा कॉक उघडा असेल तर नाही. नळाला नळी जोडली की ठरवलेलं अंतर एका क्षणात शून्य होतं.

मोकळ्या जागेची एक अडचण आहे. हवेत पडलेल्या पाण्याचा दाब तिथेच संपतो. पुढे चढवायचं तर टाकी आणि पंप हवा. जिथे ते जमत नाही तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावतात, ज्याला आपले प्लंबर 'एनआरव्ही' म्हणतात. आत एक झडप असते. पाणी पुढे जाताना ती उघडते. मागे येऊ लागलं की पाण्याच्याच जोराने किंवा स्प्रिंगने बंद होते. कल्पना सोपी आहे, पण झडपेच्या कडेला वाळूचा एक कण, गंजाचा एक पापुद्रा अडकला की ती पूर्ण मिटत नाही, आणि बाहेरून काहीच कळत नाही. मोकळी जागा डोळ्यांनी दिसते, झडप दिसत नाही. म्हणून एका झडपेवर कुणी शहाणा माणूस पिण्याचं पाणी सोपवत नाही. दोन झडपा एकापाठोपाठ बसवतात. धोका मोठा असेल तिथे, म्हणजे रासायनिक कारखाना किंवा हॉस्पिटल, दोन्ही झडपांच्या मध्ये तिसरी वाट ठेवतात: एखादी झडप गळू लागली की मधलं पाणी मागे न जाता सरळ जमिनीवर सांडतं. जमीन ओली दिसली की बिघाड कळतो. अमेरिकेत अशी उपकरणं सहसा वर्षातून एकदा तपासावी लागतात, मापन यंत्र लावून.

होली क्रॉसच्या आधी छत्तीस वर्षं, १९३३मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी दोन हॉटेलांच्या जुन्या नळकामात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं होतं. अमीबाच्या हगवणीचे १४०९ रुग्ण नोंदले गेले, ९८ माणसं मेली. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले, म्हणून प्रत्येक गावच्या डॉक्टरला आपला रुग्ण एकटाच वाटला आणि हॉटेलकडे लक्ष जायला वेळ लागला. होली क्रॉसला निदान एवढं झालं की सगळे आजारी एकाच मैदानावरचे होते.