विश्लेषण : कच्चा अ‍ॅनिमेशनपट आधी मोजक्या प्रेक्षकांना का दाखवतात? त्यांच्या प्रतिक्रियांमधून नेमकं काय बदलायचं, हे कसं ठरतं?

अ‍ॅनिमेशनपट पूर्ण झाल्यावर त्यात बदल करणं फार महाग पडतं. त्यामुळे चित्रं कच्ची असतानाच तो काही प्रेक्षकांना दाखवला जातो. पण अपुरी कलाकृती पाहणारा प्रेक्षक नेमका कशाला कंटाळतो, गोष्टीला की चित्रांच्या कच्चेपणाला? या चाचणीतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे.

कच्चा चित्रपट म्हणजे नेमकं काय?

त्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. स्टोरीबोर्डची स्थिर रेखाटनं एकापाठोपाठ एक लावायची, प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ राहील ते ठरवायचं आणि त्यावर तात्पुरते संवाद व संगीत टाकायचं. संवाद बहुतेक वेळा टीममधल्याच कुणाच्या तरी आवाजात असतात. पात्रं फारशी हलत नाहीत, रंग नसतात, पण गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता येते.

चाचणी याच टप्प्यावर का घ्यायची, हे साध्या हिशेबावरून कळतं. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये साधारणपणे एक चित्र दोन फ्रेम वापरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हणजे दहा सेकंदांच्या शॉटमध्ये एका पात्राची १२० चित्रं झाली. तोच शॉट अ‍ॅनिमॅटिकमध्ये तीन-चार रेखाटनांचा असतो आणि तो काढून टाकायला काही मिनिटं पुरतात.

कच्ची चित्रं फसवतात कशी?

डिस्नेच्या १९८९ च्या ‘द लिटल मर्मेड’चं उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. या चित्रपटाच्या चाचणी खेळात ‘पार्ट ऑफ युअर वर्ल्ड’ हे गाणं सुरू असताना लहान मुलं चुळबूळ करू लागली. एका मुलाचं लक्ष तर पडद्यापेक्षा सांडलेल्या पॉपकॉर्नकडे होतं. स्टुडिओचे तेव्हाचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी गाणं काढून टाकावं असं सुचवलं.

गीतकार हॉवर्ड अ‍ॅशमन, दिग्दर्शक जॉन मस्कर व रॉन क्लेमेंट्स आणि अ‍ॅनिमेटर ग्लेन कीन यांनी त्याला विरोध केला. नायिकेला नेमकं काय हवंय, हे प्रेक्षकांना याच गाण्यातून कळतं, ही त्यामागची भूमिका होती. शिवाय तो प्रसंग तेव्हा कच्च्या, रंगहीन अवस्थेत होता. पुढे अधिक पूर्ण झालेल्या रूपात तो दाखवला, तेव्हा ही अडचण आली नाही आणि गाणं चित्रपटात राहिलं.

मुलं कंटाळली हे निरीक्षण खरं होतं, त्याचं कारण मात्र चुकीचं लावलं गेलं होतं. चेहऱ्यावरचे बारीक भाव आणि हालचाल यांवर उभा असलेला संथ प्रसंग स्थिर रेखाटनांत लांबलचक वाटतोच. त्यामुळे ‘इथे रेंगाळतंय’ ही तक्रार अ‍ॅनिमॅटिकच्या बाबतीत जपून घ्यावी लागते. ‘हे कळलं नाही’ ही तक्रार मात्र सहसा खरी असते, कारण गोष्टीतला दुवा निसटला असेल तर तो रंग भरून परत येत नाही.

चाचणी कशी घेतली जाते?

लघुपटासाठी सहा ते दहा प्रेक्षक पुरतात. त्यांना गोष्ट आधी माहीत नसावी आणि ते शक्यतो टीमचे जिवलग मित्र नसावेत, कारण मित्र मन राखून बोलतात. सुरुवातीला एवढंच सांगायचं की चित्रं कच्ची आहेत आणि आवाज तात्पुरते आहेत. गोष्टीबद्दल एक शब्दही बोलायचा नाही.

खेळ सुरू असताना टीममधल्या एकाने पडद्याकडे न पाहता प्रेक्षकांकडे पाहायचं. कुठे हसू आलं, कुठे कुणी शेजाऱ्याला काही विचारलं, कुठे मोबाइल बाहेर निघाला, हे वेळेसह टिपायचं.

खेळ संपल्यावर ‘आवडलं का?’ हा प्रश्न आधी विचारायचा नाही. प्रत्येकाने कुणाशी न बोलता गोष्ट चार-पाच वाक्यांत लिहून काढायची. चर्चा त्यानंतर. आधीच चर्चा झाली, तर पहिल्या बोलक्या माणसाचं मत सगळ्यांचं होऊन बसतं.

प्रतिक्रियेपासून बदलापर्यंत कसं जायचं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच मिनिटांचा लघुपट आहे. आजी नातीला आपली जुनी छत्री देते. परतीच्या वाटेवर पावसात कुडकुडणाऱ्या पिल्लावर नात ती छत्री धरून ठेवते आणि स्वतः भिजत घरी येते. हा शेवटचा प्रसंग ३ मिनिटं १० सेकंदांनी सुरू होतो.

आठ प्रेक्षकांपैकी पाच जण म्हणतात की शेवट भिडला नाही. सूचनाही येतात : संगीत अधिक करुण करा, आजीला एक संवाद द्या. एक जण म्हणतो, पिल्लू नीट दिसत नाही.

आता लिहून घेतलेल्या गोष्टी वाचायच्या. त्या पाचही जणांनी ‘मुलगी छत्री घेऊन निघते’ एवढंच लिहिलंय, छत्री आजीची आहे हे कुणीच लिहिलेलं नाही. म्हणजे दुखणं शेवटी जाणवलं तरी त्याचं मूळ आधी आहे. मागे जाऊन पाहिलं तर आजी छत्री देते तो शॉट ३५ व्या सेकंदाला येतो, जेमतेम एक सेकंद टिकतो आणि दुरून घेतलेला आहे. त्यात छत्री दिसतही नाही.

बदल तिथे करायचा. दोघींच्या हातांचा जवळून घेतलेला, तीन सेकंदांचा शॉट टाकायचा. शेवटच्या प्रसंगाला हात लावायचा नाही. संगीतही तेच ठेवायचं, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला हे कळत नाही. पिल्लाबद्दलची सूचना बाजूला नोंदवून ठेवायची. ती एकट्याची आहे आणि बहुधा कच्च्या चित्रामुळे आली आहे.

मग अ‍ॅनिमॅटिक नव्या प्रेक्षकांना दाखवायचं. जुन्यांना गोष्ट ठाऊक झालेली असते, त्यामुळे त्यांचा उपयोग नाही. नव्यांनी ‘आजीची छत्री’ असं लिहिलं, तर दुवा जुळला. तसं लिहूनही शेवट भिडत नसेल, तर अडचण शेवटच्या प्रसंगातच आहे.

रेंगाळण्याच्या तक्रारीचं काय?

तिथे गाणं किंवा प्रसंग लगेच कापण्याऐवजी त्या जागी आणखी पाच-सहा रेखाटनं आणि पावसासारखे साधे आवाज टाकून पुन्हा दाखवता येतं. चुळबूळ थांबली, तर दोष कच्चेपणाचा होता. ती तशीच राहिली, तर प्रसंग खरोखर लांबलाय.

या चाचणीच्या मर्यादा काय?

आठ माणसांच्या मतांवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. चित्रपट चालेल का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. विनोदही अनेकदा हालचालीच्या नेमक्या वेळेवर अवलंबून असतो, त्यामुळे अ‍ॅनिमॅटिकमध्ये हसू आलं नाही म्हणून तो फसला असं ठरवता येत नाही. कुठे अडलं, हे प्रेक्षक जवळपास अचूक दाखवतो. का अडलं आणि त्यावर उपाय काय, हे शोधण्याचं काम टीमलाच करावं लागतं.