ताईमहाराज खटला आणि न दाखवलेला कागद

ताईमहाराज प्रकरण म्हटले की आपल्याला टिळकांवरील फौजदारी खटला आठवतो. पण न्यायालयांत या प्रकरणाचे नाव आजही टिकून आहे ते त्याच्या दिवाणी अंगामुळे. साक्षीदाराची उलटतपासणी करताना त्याच्याविरुद्धचा कागद कसा वापरावा, हा त्यातला मुद्दा. हा धागा त्याविषयी.

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये वारले. मृत्युपत्रान्वये इस्टेटीची व्यवस्था टिळक, दादासाहेब खापर्डे आदी विश्वस्तांकडे आली. पतीच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा अल्पावधीतच गेला आणि दत्तकाचा प्रश्न उभा राहिला. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस ताईमहाराजांनी जगन्नाथ यास दत्तक घेतले, असे विश्वस्तांचे म्हणणे. पुढे ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. पहिले दत्तक खरे असेल, तर दुसऱ्याला अर्थच उरत नव्हता.

हिंदू कायद्यानुसार दत्तकाला लेखाची गरज नसते; मुलगा प्रत्यक्ष देणे आणि घेणे व्हावे लागते. म्हणजे औरंगाबादेत त्या दिवशी काय घडले, हे तेथे हजर असणाऱ्यांच्या तोंडूनच सिद्ध होणार. साक्षीदाराला बोलावणारा पक्ष प्रथम त्याची सरतपासणी घेतो. तीत सूचक प्रश्नांना सामान्यतः मनाई असते. ‘मुलगा मांडीवर बसवला ना?’ असे विचारता येत नाही, ‘मग काय झाले?’ असेच विचारावे लागते. मग प्रतिपक्षाची उलटतपासणी. तिथे सूचक प्रश्न चालतात. तीत काही नवे निघाले, तर त्यापुरती फेरतपासणी.

या दाव्यातले साक्षीदार कोरे नव्हते. प्रोबेटच्या कामात आणि नंतर फौजदारी कोर्टात त्याच प्रसंगावर जबान्या होऊन गेल्या होत्या, पत्रव्यवहारही होता. १९०६ मध्ये पुण्याच्या दुय्यम न्यायाधीशांनी जगन्नाथाचे दत्तक मान्य केले. १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. चंदावरकर व न्या. हीटन) तो निकाल फिरवला आणि टिळकपक्षाची साक्ष अविश्वसनीय ठरवली. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते.

प्रिव्ही कौन्सिलपुढे अपील गेले. १९१५ मध्ये लॉर्ड शॉ यांनी निकाल वाचला आणि दत्तक पुन्हा मान्य झाले. त्या निकालाने एका गोष्टीवर नेमके बोट ठेवले: साक्षीदारांना खोटे ठरवण्यासाठी ज्या कागदांचा आधार घ्यायचा, ते उलटतपासणीत त्यांच्यापुढे ठेवून खुलासा मागायला हवा. साक्षीदाराच्या इभ्रतीचाच प्रश्न असेल, तर हे अनिवार्य आहे. आधार होता १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १४५.

हे प्रत्यक्षात कसे घडते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साक्षीदार म्हणतो, ‘सकाळी मुलगा मांडीवर दिला.’ वकिलाजवळ त्याचेच पत्र आहे: ‘मुलगा पसंत झाला, विधी पुढे करू.’ आधी वकील साक्षीदाराकडून सकाळची गोष्ट पक्की वदवून घेतो. मग पत्र हातात देऊन विचारतो, हस्ताक्षर आपले का? आणि नेमके ते वाक्य दाखवतो. साक्षीदार म्हणू शकतो, ‘पुढचा विधी म्हणजे होम, देणे-घेणे आधीच झाले होते.’ हा खुलासा खरा की बनाव, हे न्यायाधीश ठरवतील. पण पत्र न दाखवता युक्तिवादात काढले, तर त्या खुलाशाला जागाच उरत नाही.

साक्षीदाराने हस्ताक्षर नाकारले तर? मग पत्र शाबित करावे लागते: लिहिताना पाहणारा, त्याचे अक्षर ओळखणारा किंवा हस्ताक्षरतज्ज्ञ यांच्या साक्षीने, अथवा कबूल अक्षराशी ताडून. मृत्युपत्र असेल तर त्यावर साक्ष घातलेल्यांपैकी हयात असलेला किमान एक जण बोलवावाच लागतो. शाबित झाल्यावर कागदाला निशाणी क्रमांक पडतो. इथे अनेक पक्षकार फसतात. निशाणी पडली म्हणजे कागद ज्याचा म्हटला त्याचा आहे एवढेच ठरते. आतला मजकूर खरा आहे, हे नव्हे. वर दिलेले पत्र ‘विधी झाला नाही’ हे आपोआप सिद्ध करत नाही. ते आधी साक्षीदाराची विश्वासार्हता घटवते. बाकीचे इतर पुराव्यावर.

२००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी बहुधा प्रतिज्ञापत्रानेच येते. ते वकिलाच्या कार्यालयात घडते, त्यामुळे ‘मग काय झाले?’ हा प्रश्न कोर्टात क्वचितच ऐकू येतो. साक्षीदार स्वतःच्या शब्दांत बोलतो तो उलटतपासणीतच. कलम १४५ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १४८ झाले आहे. १९१५ च्या निकालाचा दाखला त्याखाली अजूनही दिला जातो.