चलत सरासरीचे छेद : कल ओळखणारे साधन आणि पट्ट्यातल्या बाजारातील त्याची फसगत

तांत्रिक विश्लेषणात ज्या साधनाचा सर्वाधिक वापर होतो, ते चलत सरासरी, म्हणजेच मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, समजायला अत्यंत सोपे आहे. एखाद्या समभागाचे गेल्या ५० दिवसांचे बंद भाव घ्यावेत, त्यांची बेरीज करून ५० ने भागावे. दुसऱ्या दिवशी सर्वांत जुना भाव गळतो आणि नवा दाखल होतो. असे रोज मिळणारे बिंदू जोडले की भावाच्या रोजच्या चढउतारांची धार बोथट करणारी एक संथ रेषा तयार होते. २०० दिवसांची सरासरी घेतली तर ही रेषा आणखी संथ होते.

या दोन रेषांच्या छेदावरून बाजाराचा कल ठरविण्याची पद्धत रूढ आहे. ५० दिवसांची रेषा २०० दिवसांच्या रेषेला खालून वर छेदून गेली, तर त्यास 'गोल्डन क्रॉस' म्हणतात आणि तो खरेदीचा संकेत मानला जातो. ती वरून खाली गेली तर 'डेथ क्रॉस', अर्थात विक्रीचा इशारा. नजीकच्या काळातील गुंतवणूकदार दीर्घ काळातील सरासरीपेक्षा अधिक भाव मोजण्यास तयार आहेत किंवा नाहीत, एवढेच हा छेद सांगतो. भविष्य सांगण्याची ताकद त्याच्यात नाही. सरासरी ही झालेल्या भावांचीच असते, त्यामुळे ती नेहमीच मागे असते. साधारण हिशेब असा की, ५० दिवसांची रेषा भावाच्या सुमारे २५ दिवस मागे चालते, तर २०० दिवसांची १०० दिवस.

कल लांबलचक असेल, तर हा विलंब परवडतो. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाचे उदाहरण येथे मुद्दाम घेत आहोत, कारण एकाच निर्देशांकावर हे साधन यशस्वी ठरल्याचे आणि फसल्याचेही स्वच्छ दाखले मिळतात. ऑक्टोबर २००७ मध्ये हा निर्देशांक १,५६५ वर बंद होऊन शिखरावर पोहोचला. डेथ क्रॉस डिसेंबरअखेरीस आला, तेव्हा तो १,४८० च्या आसपास होता, म्हणजे शिखरापासून पाच टक्के हातचे गेले होते. पुढे जागतिक वित्तीय संकट कोसळले आणि मार्च २००९ मध्ये निर्देशांक ६७६ पर्यंत घसरला. गोल्डन क्रॉस त्याच वर्षी जूनमध्ये, ९०० च्या जवळ आला. तळापासूनची सुमारे एक-तृतीयांश वाढ हुकली हे खरे; पण १,४८० ला बाहेर पडून ९०० ला परतणाऱ्याने जवळपास ४० टक्क्यांची घसरण टाळली. एवढा लाभ असेल तर दोन्ही टोकांना झालेला उशीर कोणी मनावर घेत नाही.

पट्ट्यात फिरणारा बाजार

अडचण येते ती बाजाराला दिशाच नसते तेव्हा. भाव एका पट्ट्यात वर-खाली फिरत राहतो. एका काल्पनिक समभागावर हिशेब करून पाहू. सोयीसाठी सरासऱ्या दोन आणि चार दिवसांच्या घेऊ. लागोपाठ दहा दिवसांचे बंद भाव असे : १००, ९६, ९२, ९६, १००, १०४, १०८, १०४, १००, ९६.

चौथ्या दिवशी दोन दिवसांची सरासरी ९४ आणि चार दिवसांची ९६ आहे. पाचव्या दिवशी पहिली ९८ वर जाते, दुसरी ९६ वरच राहते. छेद झाला, खरेदीचा संकेत मिळाला. परंतु तो बाजार बंद झाल्यावर कळतो, म्हणून खरेदी सहाव्या दिवशी १०४ ला होते. नवव्या दिवशी छोटी सरासरी १०२, मोठी १०४. रेषा उलट छेदतात. विक्री दहाव्या दिवशी ९६ ला. भाव पट्ट्याबाहेर कोठेही गेलेला नाही, कोणतीही वाईट बातमी नाही, तरी प्रत्येक समभागामागे आठ रुपये गेले. त्यावर दलाली, आणि आपल्याकडे २००४ पासून आकारला जाणारा रोखे व्यवहार करही.

याचे कारण सरासरीच्या रचनेतच आहे. पट्ट्यातल्या बाजारात चढ आणि उतार एकमेकांना खोडतात, त्यामुळे दीर्घ सरासरी पट्ट्याच्या मध्यावर जवळपास आडवी पडते. छोटी रेषा तिला छेदते तोवर भावाने तळापासून निम्मी वाट चाललेली असते. प्रत्यक्ष सौदा होईपर्यंत माथा समोर आलेला असतो. लाट जितकी छोटी, तितका हा उशीर महाग. या दुहेरी मारास बाजारातील मंडळी 'व्हिपसॉ' म्हणतात.

हाच प्रकार एस अँड पी ५०० मध्ये २०१५-१६ साली घडला. मे २०१५ मधील २,१३० ची उंची आणि फेब्रुवारी २०१६ मधील १,८२९ चा तळ यांच्यामध्ये निर्देशांक घोटाळत होता. ऑगस्ट २०१५ मध्ये चीनने युआनचे अवमूल्यन केल्यानंतर झालेल्या घसरणीत, महिनाअखेरीस १,९९० जवळ डेथ क्रॉस झाला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर २,०२० च्या सुमारास गोल्डन क्रॉस. जानेवारी २०१६ मध्ये १,९२५ जवळ पुन्हा डेथ क्रॉस आणि एप्रिलअखेरीस २,०९० जवळ पुन्हा गोल्डन क्रॉस. जेमतेम आठ महिन्यांत चार छेद!

ज्याने चारही संकेत पाळले, त्याने १,९९० ला विकून २,०२० ला परत घेतले आणि ते १,९२५ ला विकले. त्याच्या १०० रुपयांचे सुमारे ९५ रुपये ३० पैसे उरले. स्वस्थ बसलेल्याचे एप्रिलअखेरीस १०५ झाले होते. खर्च धरला तर तफावत याहून मोठी.

ओळखायचे कसे?

पहिली खूण दीर्घ रेषेच्या उताराची. २०० दिवसांची रेषा महिनाभर जवळपास आडवी असेल आणि भाव तिच्या दोन्ही अंगांना वारंवार ये-जा करीत असेल, तर छेदास फारसे मोल देऊ नये. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला एडीएक्स हा मापकही येथे उपयोगी पडतो. तो २० च्या खाली असला की कल नाही, असे सामान्यतः धरतात. अनेक जण छेदानंतर भाव दीर्घ रेषेपासून दोन-तीन टक्के दूर जाईपर्यंत थांबतात. यामुळे खोटे संकेत गळतात, मात्र खऱ्या कलात प्रवेश आणखी उशिरा होतो. अलीकडच्या भावांना अधिक वजन देणारी घातांकी सरासरी वापरली तर उलटा प्रकार होतो : उशीर घटतो, पण खोटे छेद वाढतात. दोन्ही दोष एकाच वेळी घालविणारी सरासरी नाही आणि तशी विकू पाहणाऱ्यांपासून जपून राहिलेले बरे.

गाळणीचा खरा कस लागतो तो पट्टा मोडताना. वरील चार छेदांपैकी पहिले तीन फसवे होते, चौथा खरा ठरला. एप्रिल २०१६ नंतर निर्देशांक चढत गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये २,८७० च्या वर बंद झाला. तीनदा पोळल्याने ज्याने चौथ्या वेळी हात आखडता घेतला, त्याच्या वाट्याला आधीचा तोटा तेवढा आला.