एसआयपीचे भविष्यमूल्य : बारा टक्के एकच, उत्तरे दोन

म्युच्युअल फंडातील नियमित मासिक गुंतवणूक, अर्थात एसआयपी, ठरावीक वर्षांनंतर किती होईल हे सांगणारी गणकयंत्रे अनेक संकेतस्थळांवर उपलब्ध आहेत. मासिक हप्ता, मुदत आणि अपेक्षित वार्षिक परतावा एवढी माहिती भरली की उत्तर मिळते. मात्र दरमहा ५,००० रुपये, २० वर्षे आणि १२ टक्के परतावा ही एकच माहिती दिली तरी एक गणकयंत्र ४९ लाख ९६ हजार रुपये दाखवते, तर दुसरे ४५ लाख ९९ हजार. हा सुमारे चार लाखांचा फरक वार्षिक दर मासिक दरात कसा बदलला यावरून पडतो.

गणिताचे तत्त्व सोपे आहे. एसआयपीतील प्रत्येक हप्ता ही स्वतंत्र गुंतवणूक असते. महिन्याच्या आरंभी भरलेल्या २४० हप्त्यांपैकी पहिला हप्ता २४० महिने वाढतो, तर शेवटचा केवळ एक महिना. १२ टक्के वार्षिक वाढीने पहिल्या ५,००० रुपयांचे सुमारे ४८,२३० होतात. शेवटच्या ५,००० रुपयांचे जेमतेम ५,०४७. या सर्व हप्त्यांची बेरीज म्हणजे भविष्यमूल्य. एकूण भरणा १२ लाखांचा असला, तरी ती रक्कम सरासरी दहा वर्षांच्या आसपासच गुंतलेली असते. म्हणूनच २० वर्षांपूर्वी एकरकमी गुंतवलेल्या १२ लाखांशी तिची तुलना करता येत नाही.

ही बेरीज पुढील सूत्राने एका पायरीत मिळते. त्यात P हा हप्ता, n ही महिन्यांची संख्या आणि i हा मासिक दर आहे.

```
FV = P × [((1 + i)^n − 1) / i] × (1 + i)
```

मतभेद i बाबत आहे. अनेक गणकयंत्रे १२ टक्क्यांना १२ ने भागून दरमहा १ टक्का धरतात. परंतु दरमहा १ टक्का चक्रवाढीने वाढणारी रक्कम वर्षअखेर १२ नव्हे, तर १२.६८ टक्क्यांनी वाढते. वर्षाला नेमके १२ टक्के हवे असतील, तर मासिक दर सुमारे ०.९४९ टक्के येतो. एक वर्षाहून अधिक काळाचा परतावा फंड चक्रवाढ वार्षिक दरानेच जाहीर करतात. त्यामुळे तो आकडा गणकयंत्रात भरताना दुसरी पद्धत योग्य ठरते.

आपले गणकयंत्र कोणती पद्धत वापरते, हे वरील उदाहरणातील तीन आकडे भरून ओळखता येते. संगणकावरील तक्त्यात पुढील सूत्र लिहिल्यास उत्तर सुमारे ४५,९९,३०० येते. यातील शेवटचा 1 हा हप्ता महिन्याच्या आरंभी भरल्याचे दर्शवतो.

```
=FV(1.12^(1/12)-1, 240, -5000, 0, 1)
```

पद्धत अचूक असली, तरी १२ टक्के हे गृहीतकच राहते. परतावा १० टक्के धरला, तर हीच रक्कम सुमारे ३६ लाख २० हजारांवर येते. म्हणजे दोन टक्क्यांच्या फरकाने नऊ लाखांहून अधिक घट होते. शिवाय सूत्र दर महिन्याला सारखीच वाढ धरते. बाजार तसा चालत नाही. पहिल्या वर्षअखेर बाजार २० टक्क्यांनी कोसळला, तर तोपर्यंत भरलेल्या जेमतेम ६०,००० रुपयांवर त्याचा परिणाम होतो. एकोणिसाव्या वर्षाच्या अखेरीस मात्र गृहीत धरलेल्या वाढीनुसार साडेचाळीस लाख जमलेले असतात. तेवढीच घसरण तेव्हा झाली, तर आठ लाखांहून अधिक रुपये कमी होतात. उद्दिष्टाची तारीख जवळ आल्यावर रक्कम टप्प्याटप्प्याने कमी जोखमीच्या पर्यायांत वळवण्याचा सल्ला दिला जातो, तो याच कारणाने.

अखेरीस, उत्तरात दिसणारे रुपये वीस वर्षांनंतरचे असतात. महागाई दरवर्षी ६ टक्के धरली, तर त्या काळात किमती ३.२ पट होतात. तेव्हाच्या ४५ लाख ९९ हजारांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे १४ लाख ३४ हजारांइतकी असेल. रक्कम काढताना नफ्यावर द्यावा लागणारा भांडवली नफा करही यात वजा केलेला नाही. म्हणून मुलांचे शिक्षण किंवा निवृत्ती यांसाठी हप्ता ठरवताना आधी त्या खर्चाची भविष्यातील किंमत काढावी आणि मग चक्रवाढ वार्षिक दराने, शक्यतो दोन-तीन वेगवेगळे परतावे धरून, हप्त्याचा हिशेब करावा.